रेषेची कोणती बाजू रंगवायची?

2x − 3y ≤ 6 या असमानतेचा आलेख काढायला सांगितला, की रेषा बहुतेकांना जमते. हात अडतो तो त्यानंतर. रेषेने आलेखाच्या कागदाचे दोन भाग केलेले असतात आणि त्यांतला एक रंगवायचा असतो. कोणता? इथे वर्गावर्गांतून फिरणारं एक सूत्र मदतीला धावतं: चिन्ह ‘पेक्षा मोठं’ असेल तर रेषेच्या वरचा भाग, ‘पेक्षा लहान’ असेल तर खालचा. आपल्या उदाहरणात चिन्ह ‘लहान किंवा समान’ असं आहे, म्हणून खालचा भाग रंगवला जातो. आणि उत्तर चुकतं.

हे सूत्र अगदीच खोटं आहे असं नाही. ते एका अटीवर खरं आहे, पण अट गळून पडते आणि सूत्र तेवढं पाठ होतं. ती अट कुठून येते हे एकदा कळलं, की सूत्र लक्षात ठेवायची गरजही फारशी उरत नाही.

आधी, आपण नेमकं काय शोधतो आहोत ते पाहू. 2x − 3y ≤ 6 हे एक विधान आहे. x आणि y च्या जागी संख्या घातल्या की ते खरं ठरतं किंवा खोटं. (1, 1) हा बिंदू घेतला तर 2 − 3 म्हणजे −1 मिळतात. −1 हे 6 पेक्षा लहान आहेत, विधान खरं. (5, 0) घेतला तर 10 मिळतात, विधान खोटं. (4, 1) घेतला तर 8 − 3 = 5, पुन्हा खरं. असे खरे ठरणारे बिंदू अगणित आहेत, त्यांची यादी करता येत नाही. म्हणून ते सगळे एकदम दाखवायला आपण कागदाचा तेवढा भाग रंगवतो. रंगवलेला भाग म्हणजे ‘इथला कुठलाही बिंदू घ्या, विधान खरं ठरेल’ असं दिलेलं आश्वासन. ‘कोणती बाजू’ या प्रश्नाचा अर्थ एवढाच, की हे आश्वासन कुठल्या बाजूला पाळलं जातं.

आता रेषा. असमानतेच्या चिन्हाच्या जागी बरोबरचं चिन्ह टाकायचं: 2x − 3y = 6. x = 0 घेतलं तर y = −2 मिळतं, y = 0 घेतलं तर x = 3. म्हणजे (0, −2) आणि (3, 0) हे दोन बिंदू मिळाले. रेषा काढायला दोन पुरतात, तरी तिसरा काढावाच. कारण दोन बिंदू चुकलेले असले तरी त्यांतून रेषा मुकाट्याने जातेच. काहीतरी बिघडलंय हे तिसरा बिंदू सांगतो. x = 6 घेतलं तर 12 − 3y = 6, म्हणून y = 2. (6, 2) हा बिंदू पहिल्या दोघांच्या रेषेत येतो, तेव्हा रेषा बरोबर आहे.

या रेषेवर प्रत्येक ठिकाणी 2x − 3y ची किंमत नेमकी 6 आहे. रेषेबाहेर ती 6 नाही, कुठेतरी कमी आहे किंवा जास्त. कुठे कमी आणि कुठे जास्त, हे चालून बघू.

(3, 0) या रेषेवरच्या बिंदूवर उभे राहा आणि सरळ वर चालायला लागा. x तसाच 3 राहील, y एकेकाने वाढेल. (3, 1) वर किंमत 6 − 3 = 3. (3, 2) वर 6 − 6 = 0. (3, 3) वर −3. दर पावलाला किंमत 3 ने उतरते आहे. आता उलट, (3, 0) वरून खाली चला. (3, −1) वर 6 + 3 = 9, (3, −2) वर 12. खाली जाताना किंमत चढते आहे.

या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. y चा सहगुणक −3 आहे, म्हणून वर जाणं म्हणजे किंमत कमी होणं. आपल्याला 6 किंवा त्याहून कमी किंमत हवी आहे, तेव्हा आपल्याला वर जायला हवं. चिन्ह ‘लहान’ असूनही वरचा भाग रंगवायचा, तो यासाठी. ‘मोठं म्हणजे वर’ हे सूत्र तेव्हाच चालतं जेव्हा y चा सहगुणक धन असतो. गळून पडलेली अट ती हीच.

2x − 3y या राशीची प्रत्येक बिंदूवरची किंमत म्हणजे त्या जागेची उंची, असं मानलं तर सगळा कागद एखाद्या उतरत्या छपरासारखा दिसायला लागतो. छप्पर सपाट आहे, पण एका बाजूला कललेलं. आपली रेषा म्हणजे त्या छपरावर 6 उंचीवर मारलेली खूण. तिच्या एका अंगाला छप्पर चढत जातं, दुसऱ्या अंगाला उतरत जातं. मधेच उंचवटा नाही, मधेच खळगा नाही. x आणि y चे घात 1 आहेत म्हणूनच हे शक्य होतं. x² सारखी पदं आली की छप्पर वाकतं आणि हा सरळ हिशेब थोडा बदलतो.

आता प्रचलित पद्धतीकडे येऊ. पुस्तकं सांगतात: रेषेवर नसलेला कुठलाही एक बिंदू घ्या, तो असमानतेत घालून बघा. विधान खरं ठरलं तर त्या बिंदूची बाजू रंगवा, खोटं ठरलं तर दुसरी. आपल्या उदाहरणात (0, 0) घेऊ. 2 × 0 − 3 × 0 = 0, आणि 0 ≤ 6 हे खरं आहे. आरंभबिंदू ज्या बाजूला आहे ती बाजू रंगवायची. आलेखात बघितलं तर आरंभबिंदू रेषेच्या वरच्या अंगाला आहे. चालून काढलेल्या उत्तराशी हे जुळतं.

ही पद्धत बिनचूक आहे, पण चौकस विद्यार्थ्याला इथे एक शंका यायलाच हवी. एका बाजूला अगणित बिंदू आहेत. त्यातला एक तपासून बाकी सगळ्यांबद्दल निकाल कसा काय देता येतो? शेजारच्या बिंदूचा निकाल वेगळा निघणार नाही कशावरून?

त्याचं उत्तर असं. समजा एका बिंदूवर किंमत 6 पेक्षा कमी आहे आणि दुसऱ्या बिंदूवर 6 पेक्षा जास्त. त्या दोघांना जोडणाऱ्या रेषाखंडावरून चालत गेलात तर किंमत एकसारख्या गतीने बदलत जाते, उड्या मारत नाही. कमीवरून जास्तवर जाताना ती वाटेत कुठेतरी नेमकी 6 व्हावीच लागते. आणि किंमत 6 असलेले बिंदू फक्त आपल्या रेषेवर आहेत. म्हणजे तुम्ही वाटेत रेषा ओलांडलीच. उदाहरणार्थ (0, 0) वर किंमत 0 आहे, (6, 0) वर 12 आहे. दोघांच्या बरोबर मध्ये (3, 0) आहे, तिथे 6. रेषा तिथूनच जाते.

हेच उलटं वाचा: दोन बिंदूंच्या मधे रेषा येत नसेल, तर त्यांतला एक खरा आणि एक खोटा ठरूच शकत नाही. एका बाजूचे सगळे बिंदू एकाच निकालाचे. म्हणून एक चाचणी पुरते. समोरच्या बाजूचा निकालही त्यातच मिळतो, कारण रेषा ओलांडली की किंमत 6 च्या पलीकडे जाते.

चाचणीसाठी (0, 0) का घेतात? हिशेब सोपा होतो, एवढंच. त्या बिंदूत दुसरं काही खास नाही, आणि रेषा त्याच्यातूनच जात असेल तर तो निरुपयोगी आहे. y > 3x घ्या. (0, 0) घातलं तर 0 > 0, जे खोटं आहे. पुष्कळ विद्यार्थी इथे ‘खोटं आलं, म्हणून समोरची बाजू’ असं लिहून मोकळे होतात. पण समोरची म्हणजे कुणाच्या समोरची? आरंभबिंदू कुठल्याच बाजूला नाही, तो रेषेवर बसला आहे. त्याने फक्त एवढंच सांगितलं, की रेषा स्वतः उत्तरात येत नाही. अशा वेळी (1, 0) घ्या: 0 > 3, खोटं. (1, 0) रेषेच्या उजव्या अंगाला आहे, तेव्हा डावा भाग रंगवायचा. एका नजरेने ओळखायची खूण: असमानतेत सुटी संख्या नसेल, म्हणजे सगळ्या पदांत x किंवा y असेल, तर रेषा आरंभबिंदूतून जाणार. तिथे दुसरा बिंदू शोधायचा.

काही जणांना चाचणी बिंदूपेक्षा y एकटा करणं आवडतं. त्यातही काही गैर नाही, पण पाय घसरायची जागा तिथेच आहे. 2x − 3y ≤ 6 वरून −3y ≤ 6 − 2x. आता −3 ने भागायचं. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, म्हणून y ≥ (2/3)x − 2. चिन्ह ‘मोठं किंवा समान’ झालं आणि y एकटा डावीकडे आहे, त्याचा सहगुणक 1, म्हणजे धन आहे. आता सूत्राची अट पूर्ण झाली, वरचा भाग रंगवायला हरकत नाही. चिन्ह उलटायला विसरलात तर y ≤ (2/3)x − 2 मिळेल आणि रेषा तीच राहून नेमकी चुकीची बाजू रंगेल. ही चूक ओळखणं अवघड असतं, कारण आलेख दिसायला अगदी नीटनेटका असतो. माझ्या मते y एकटा करून बाजू ठरवली तरी शेवटी एक बिंदू मूळ असमानतेत घालून बघावाच, रूपांतर केलेल्या असमानतेत नव्हे. रूपांतरात चूक झाली असेल तर ती त्याच असमानतेत तपासून सापडत नाही.

y उजवीकडे लिहिलेला असला तरी असाच गोंधळ होतो. 4 < y − x मध्ये चिन्ह ‘लहान’ दिसतं, पण वाचायचं असतं ते y च्या बाजूने: y − x हे 4 पेक्षा मोठं. वरचा भाग.

आणि x ≥ −2 सारख्या असमानतेत तर ‘वर-खाली’ला काही अर्थच उरत नाही. रेषा उभी आहे. y कुठेच नसल्यामुळे वर-खाली चालून काही बदलत नाही, बदल होतो तो उजवीकडे-डावीकडे जाताना. उजवीकडे x वाढतो, म्हणून उजवा भाग. तिरक्या रेषेतही हेच करता येतं. आपल्या 2x − 3y मध्ये x चा सहगुणक 2 आहे, उजवीकडे गेलं की किंमत 2 ने वाढते, डावीकडे कमी होते. कमी किंमत हवी, म्हणून डावी बाजू. या रेषेची डावी बाजू आणि वरची बाजू एकच आहे, तेव्हा दोन्ही हिशेबांचं उत्तर एकच येतं. तसं आलं नाही तर समजावं की कुठेतरी सहगुणकाचं चिन्ह चुकीचं वाचलं गेलं.

सीमारेषा सलग काढायची की तुटक, हे त्या मानाने किरकोळ आहे. चिन्ह ≤ किंवा ≥ असेल तर रेषेवरचे बिंदूही विधान खरं करतात, म्हणून रेषा सलग. < किंवा > असेल तर रेषेवर नेमकी समानता असते, ती चालत नाही, म्हणून तुटक. तुटक रेषेचा अर्थ ‘रेषेपासून थोडं अंतर सोडा’ असा मात्र नाही. 2x − 3y < 6 असेल तर किंमत 5.999 असलेला बिंदूही आत येतो. रेषेला हवं तितकं चिकटता येतं, फक्त रेषेवर बसता येत नाही. म्हणून रंग तुटक रेषेपर्यंत पूर्ण भिडवायचा. चिन्हाला समानतेची रेघ जोडून दोन्ही गोष्टी एकाच चिन्हात सांगण्याची पद्धत पिएर बुगेर या फ्रेंच गणितज्ञाने 1734 मध्ये वापरली. त्याने तेव्हा खाली एक नव्हे तर दोन रेघा काढल्या होत्या, बरोबरच्या चिन्हासारख्याच.

आता चूक झाली आहे हे कळतं कसं, ते बघू. समजा एकाने 2x − 3y = 6 काढताना x = 0 साठी y = −2 ऐवजी y = 2 घेतलं. वजा सुटला, नेहमीचीच गोष्ट. त्याची रेषा (3, 0) आणि (0, 2) मधून गेली. त्याने (0, 0) तपासला: 0 ≤ 6, खरं. आरंभबिंदूकडची, म्हणजे त्याच्या रेषेखालची बाजू रंगवली. चाचणी बरोबर, निष्कर्ष बरोबर, आलेख चूक. त्याने रेषेच्या पलीकडचाही एक बिंदू तपासला असता, उदाहरणार्थ (4, 4), तर 8 − 12 = −4 मिळाले असते आणि −4 ≤ 6 हेही खरं निघालं असतं. दोन्ही बाजू खऱ्या? ते शक्यच नाही, हे आपण वर पाहिलं. तेव्हा दोष रेषेत आहे.

पण या दुहेरी चाचणीवर पूर्ण विसंबता येत नाही. पलीकडचा बिंदू म्हणून त्याने (5, 0) घेतला असता तर 10 ≤ 6 खोटं निघालं असतं आणि सगळं आलबेल वाटलं असतं. चुकीच्या रेषेच्या पलीकडे खरे आणि खोटे, दोन्ही प्रकारचे बिंदू मिसळलेले असतात, आपल्या हाती कुठला लागेल ते नशीब. म्हणूनच रेषेचा तिसरा बिंदू महत्त्वाचा. त्याच्या रेषेवर पुढे (6, −2) येतो. तो समीकरणात घातला तर 12 + 6 = 18 मिळतात, 6 नाही. बाजू ठरवण्याआधीच चूक पकडली जाते. डेस्मॉस किंवा जिओजेब्रामध्ये `2x-3y<=6` टाइप केलं तर आयता रंगवलेला आलेख मिळतो, आणि चिन्ह < असेल तर सीमा तुटक येते. पडताळणीला ते उत्तम आहे. फक्त हाताने काढलेल्या आलेखाशी ते जुळलं नाही तर बाजू बदलून टाकण्याआधी रेषा तपासा.

एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. रंगवलेल्या भागात (1.5, 0.25) सारखे बिंदूही येतात. x आणि y म्हणजे माणसं किंवा खोकी अशा मोजायच्या वस्तू असतील तर तसले बिंदू उत्तर म्हणून चालत नाहीत, फक्त पूर्णांक निर्देशकांचे बिंदू चालतात. तिथे रंगवलेला भाग हा केवळ हद्द दाखवतो, उत्तरं त्यातल्या जाळीच्या छेदांवर असतात. गंमत अशी, की x आणि y पूर्णांकच असतील तर 2x − 3y < 6 आणि 2x − 3y ≤ 5 यांत काही फरक राहत नाही. वेगवेगळ्या रेषा, एक तुटक आणि एक सलग, पण आत येणारे पूर्णांक बिंदू तेच.

राहता राहिली रंगवण्याची रीत. आपण हवा तो भाग रंगवला, आणि बहुतेक पुस्तकं तसंच करतात. पण एकाच आलेखावर तीन-चार असमानता एकत्र मांडायच्या असतील तर रंगांवर रंग चढतात आणि सगळ्या अटी पाळणारा भाग नेमका कुठला ते दिसेनासं होतं. म्हणून काही शिक्षक उलट करतात: प्रत्येक असमानतेला जो भाग नको तो रंगवतात, शेवटी जो कोरा राहतो तो उत्तर. 2x − 3y ≤ 6 च्या बाबतीत ते रेषेखालचा भाग रंगवतील. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण आलेख बघणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात ‘रंगवलेला भाग उत्तर’ किंवा ‘कोरा भाग उत्तर’ असं लिहून ठेवावं, आणि परीक्षेत प्रश्नात जी रीत सांगितली असेल तीच वापरावी.